विषय: ऑफर लेटरमधलं कलम ६ (प्रोबेशन) आणि कलम ९ (जॉइनिंग बोनस), सही करण्याआधी थोडा खुलासा हवा

सुहास सर, नमस्कार.

काल, १८ नोव्हेंबरला, ऑफर लेटर मिळालं. मनापासून आभार. पद, पगार, २ फेब्रुवारी ही रुजू होण्याची तारीख, सगळं आपल्या बोलण्याप्रमाणेच आहे. मला यायचंच आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं लांबलचक पत्र वाचताना वाटायचं, की ही बाई नाही म्हणायला निमित्त शोधतेय.

सही करण्याची मुदत २६ नोव्हेंबरची आहे आणि मी इथला राजीनामा २८ ला देणार आहे. एकदा तो दिला की माझी परतीची वाट बंद. म्हणून जे विचारायचं ते आत्ताच विचारते.

आधी बोनसचं. फोनवर तुम्ही म्हणाला होतात, "३ लाख जॉइनिंग बोनस, पहिल्या पगारासोबत, वर्षाच्या आत सोडलंत तर प्रमाणात परत." मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं होतं. कलम ९ मध्ये मात्र वेगळंच आहे. तिथे मुदत २४ महिन्यांची आहे, 'प्रमाणात' हा शब्द कुठेच नाही, आणि परत करायची रक्कम 'संपूर्ण ढोबळ रक्कम' अशी आहे. म्हणजे २३ महिने २० दिवस काम करून कोणी बाहेर पडलं, तरी पूर्ण ३ लाख परत. हा नेहमीच्या साच्यातला मजकूर तसाच राहून गेला असावा, असं मी धरून चालते. तसं असेल तर प्रश्न सोपा आहे, दुरुस्त करून पाठवा. पण हेच कंपनीचं धोरण असेल, तर आपलं बोलणं आणि हा कागद यातलं कोणतं खरं, ते मला कळायला हवं. उद्या तुम्ही किंवा मी त्या खुर्चीत नसलो की फक्त कागदच बोलणार.

त्यातच अजून एक गोंधळ आहे. कलम ९ मध्ये २४ महिने 'रुजू झाल्याच्या तारखेपासून' मोजायचेत, तर परिशिष्ट ब मध्ये 'बोनस अदा केल्याच्या तारखेपासून'. पहिला पगार फेब्रुवारीअखेर होणार, म्हणजे दोन्हींत जवळजवळ महिन्याचा फरक पडतो. शिवाय दुसऱ्या टोकाला कोणती तारीख धरायची, राजीनामा दिल्याची की शेवटच्या कामाच्या दिवसाची? नोटीस ६० दिवसांची असल्यामुळे हा फरक दोन महिन्यांचा होतो. मला रुजू झाल्याची तारीख ते शेवटचा कामाचा दिवस, हेच सरळ वाटतं.

आता 'ढोबळ' या शब्दाकडे येते. सगळ्यात जास्त वेळ मी याच शब्दावर घालवला. बोनस पगारासारखाच करपात्र असतो आणि टीडीएस कापूनच खात्यावर येतो. माझ्या टप्प्यात ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. ३,००,००० मधून ९३,६०० कापले जातील आणि माझ्या हातात येतील २,०६,४००. समजा जुलैमध्ये परतफेडीची वेळ आली. बोनस फेब्रुवारीत मिळालेला, ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलेलं, कापलेला कर सरकारजमा झालेला, फॉर्म १६ मध्ये ती रक्कम माझं उत्पन्न म्हणून लागलेली. अशा वेळी ढोबळ रक्कम परत करायची म्हणजे कधी हातातच न आलेले ९३,६०० मी खिशातून भरायचे, आणि ते कराच्या खात्यातून सोडवून आणणं हा पुन्हा वेगळा व्याप. त्याच आर्थिक वर्षात परतफेड झाली तर पगाराच्या हिशोबात कर जुळवून घेता येतो, पण माझी रुजू होण्याची तारीख अशी आहे की त्यासाठी जेमतेम महिनाभर मिळतो. म्हणून परतफेड कधी झालीच, तर ती कर वजा जाता हातात आलेल्या रकमेचीच असावी, ही माझी विनंती आहे.

आणि आता ज्यासाठी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं, तो मुद्दा. कलम ६ आणि कलम ९ वेगवेगळी वाचली तर दोन्ही नेहमीसारखीच वाटतात. शेजारी शेजारी ठेवून वाचली की चित्र बदलतं.

कलम ६ म्हणतं, की प्रोबेशनच्या काळात कंपनी कोणतंही कारण न देता १५ दिवसांच्या नोटिशीवर सेवा संपवू शकते. कलम ९ म्हणतं, की २४ महिन्यांच्या आत 'कोणत्याही कारणाने' सेवा संपली तर बोनस परत. आता जुलैचाच महिना धरा. मी पाच महिने काम केलंय, प्रकल्प रद्द झाला किंवा टीम कमी करायची ठरली, आणि मला १५ दिवसांची नोटीस मिळाली. त्यात माझी चूक काहीच नाही. तरी कागदाप्रमाणे माझी नोकरी जाणार आणि वर मीच कंपनीला ३ लाख देणं लागणार, तेही १५ दिवसांत आणि फुल अँड फायनलमधून वळते करून. नोकरी गेलेल्या महिन्यात!

हा बोनस आपण कशासाठी ठरवला होता, तेही आठवून देते. इथे माझा वार्षिक व्हेरिएबल पे २,४०,००० च्या आसपास होतो, आणि तो ३१ मार्चला जो पटावर असेल त्यालाच मिळतो. तुम्हाला माणूस फेब्रुवारीतच हवा आहे म्हणून मी त्यावर पाणी सोडतेय, आणि ते भरून काढायला तुम्ही बोनस देताय. ही बक्षिसी नाही, भरपाई आहे. मी स्वतःहून सोडून गेले तर परत मागा, त्यात मला काहीच गैर वाटत नाही. गैरवर्तन सिद्ध झालं तरी मागा. पण कंपनीनेच मला जायला सांगितलं तर परतफेड नसावी.

तुमच्या विधी विभागाचं काम हलकं व्हावं म्हणून मला सुचलेला मजकूरच देते:

"कर्मचाऱ्याने रुजू झाल्याच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत स्वेच्छेने राजीनामा दिल्यास, अथवा चौकशीत सिद्ध झालेल्या गैरवर्तनामुळे त्याची सेवा समाप्त केल्यास, जॉइनिंग बोनसपोटी कर वजा जाता प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेपैकी, शेवटच्या कामाच्या दिवसानंतर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणातील रक्कम परत करावी लागेल. अन्य कोणत्याही कारणाने कंपनीने सेवा समाप्त केल्यास परतफेड लागू होणार नाही."

याचा हिशोबही सोपा आहे. २,०६,४०० ला १२ ने भागलं की महिन्याला १७,२०० होतात. मी दहा महिन्यांनी सोडलं तर उरलेल्या दोन महिन्यांचे ३४,४०० परत.

हे बसत नसेल तर दुसरा मार्गही मला चालेल. बोनस दोन हप्त्यांत द्या, निम्मा पहिल्या पगारासोबत आणि निम्मा कायम झाल्यावर. तुमची जोखीम कमी होते, माझ्या डोक्यावरची टांगती तलवारही अर्धी होते. मात्र तेव्हाही 'कंपनीने काढल्यास परतफेड नाही' हे वाक्य हवंच. त्यावर माझा अडून बसायचा विचार आहे, हे मोकळेपणाने सांगते.

प्रोबेशनबद्दल अजून दोन गोष्टी. कलम ६ मध्ये सहा महिने लिहिलेत, म्हणजे १ ऑगस्टपर्यंत. पुढे वाक्य आहे, 'कंपनी आपल्या मर्जीने ही मुदत वाढवू शकेल; लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत कर्मचारी प्रोबेशनवरच समजला जाईल.' किती वेळा वाढवू शकेल, किती महिन्यांनी, काहीच नाही. मी हे एकदा भोगलंय. आधीच्या एका कंपनीत माझं प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं. मधेच एचआर बदलले, कन्फर्मेशन लेटर काढायचं राहून गेलं. कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण चौदाव्या महिन्यात गृहकर्जासाठी बँकेत गेले, तर समोरच्या साहेबांनी फाइल चाळून विचारलं, "कायम झाल्याचं पत्र कुठंय?" ते पत्र मिळवून पुन्हा त्यांच्या टेबलापर्यंत पोचायला तीन आठवडे गेले. तेव्हा मुदतवाढ एकदाच, जास्तीत जास्त तीन महिन्यांची आणि कारणासह लेखी कळवून व्हावी. आणि १ ऑगस्टपर्यंत काहीच कळवलं नाही, तर मी आपोआप कायम झाले असं धरावं.

दुसरी गोष्ट नोटिशीची. प्रोबेशनमध्ये कंपनीने काढलं तर १५ दिवस आणि मी सोडलं तर ६० दिवस, असं आहे. दोन्हीकडे ३० करता येईल का? नाहीच जमलं तर निदान प्रोबेशनमध्ये उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर मोकळं होता येईल, एवढं तरी लिहावं.

बाकी किरकोळ आहे, हो किंवा नाही असं उत्तर दिलंत तरी पुरेल. आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून लागू होतो का, की कायम झाल्यावर? प्रोबेशनमध्ये साचलेली रजा तेव्हाच वापरता येते का? आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन माझ्या राजीनाम्याआधी पूर्ण होईल का? कलम १२ प्रमाणे त्यात त्रुटी निघाली तर ऑफर रद्द होते. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, पण जुन्या कंपनीच्या नोंदीत माझी रुजू तारीख एकदा चुकीची पडली होती, त्यामुळे जरा धाकधूक आहे. त्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर सोबत जोडलंय. काही अडलं तर आधी मला फोन करा, माझ्याकडे सगळे कागद आहेत.

उत्तर ईमेलवर आलं तरी चालेल, पण कलम ६ आणि ९ मधले बदल सुधारित ऑफर लेटरमध्येच यायला हवेत. कारण कलम १५ म्हणतं, की या पत्राआधीचं तोंडी किंवा लेखी कोणतंही बोलणं ग्राह्य धरलं जाणार नाही. म्हणजे 'आपलं बोलणं झालंय ना, काळजी करू नका' हे तुम्ही कितीही मनापासून म्हणालात तरी त्याला अर्थ उरत नाही. तुमच्यावर अविश्वास नाही, कलमच तसं आहे.

२४ तारखेपर्यंत कळवू शकाल का? म्हणजे एखादा शब्द अडलाच तर बोलायला मध्ये एक दिवस राहील. तुम्हाला सोयीचं असेल तर उद्या किंवा परवा संध्याकाळी सहानंतर फोनही करते, पंधरा मिनिटांत आवरेल. कलम ९ आणि परिशिष्ट ब मधल्या ज्या ओळींबद्दल लिहिलंय त्या पिवळ्या करून पीडीएफ सोबत पाठवलीय. सुधारित प्रत आली की त्याच दिवशी सही करून परत पाठवते.

आपली,
मृणाल

सोबत: खुणा केलेलं ऑफर लेटर, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर