सराव पत्रिका: रोखता आणि कर्जभाराची गुणोत्तरे — एका जिनिंग कंपनीचा ताळेबंद वाचताना

वर्ग: बी.कॉम., दुसरे वर्ष
लागणारे साहित्य: कॅल्क्युलेटर, वही आणि घरच्या कापसाचा चुकारा किती दिवसांनी मिळाला त्याची आठवण

गुणोत्तर काढणं सोपं आहे. वरचा आकडा, खालचा आकडा, भागाकार. मार्क जातात ते पुढच्या ओळीत, "अर्थनिर्वचन" लिहिताना. दरवर्षीच्या पेपरात मला एकच वाक्य दिसतं: "हे गुणोत्तर आदर्श प्रमाणापेक्षा कमी आहे, म्हणून स्थिती समाधानकारक नाही." एवढ्याने काहीच कळत नाही. पैसा कुठे अडकला आहे आणि तो कोणाचा आहे, हे उत्तरात यायला हवं. ही पत्रिका त्यासाठी आहे.

खालचे आकडे सरावासाठी तयार केले आहेत. पांढरकवडा, वणी, हिंगणघाट या पट्ट्यातली एखादी मध्यम जिनिंग-प्रेसिंग कंपनी डोळ्यांसमोर ठेवा. कंपनी शेतकऱ्यांचा कापूस घेते, रुई आणि सरकी वेगळी करते, गाठी बांधून सूतगिरण्यांना विकते. २०२३-२४ मध्ये तिने नवीन प्रेस बसवली.

ताळेबंद (रक्कम लाख रुपयांत)

| तपशील | ३१ मार्च २०२३ | ३१ मार्च २०२४ |
|---|---|---|
| भाग भांडवल | १२० | १२० |
| राखीव निधी व वाढावा | १०० | ११२ |
| मुदत कर्ज (एका वर्षानंतर देय) | ९० | १३८ |
| मुदत कर्जाचे येत्या वर्षातले हप्ते | २० | २८ |
| कॅश क्रेडिट | १५० | २५६ |
| धनको (शेतकरी व अडते) | ४० | ७४ |
| इतर चालू देयता | १० | १४ |
| एकूण | ५३० | ७४२ |
| स्थिर मालमत्ता (घसारा वजा जाता) | २०८ | २९० |
| मालसाठा (कापूस, गाठी, सरकी) | १९० | ३२० |
| ऋणको (सूतगिरण्या) | ११० | ११८ |
| रोख व बँक शिल्लक | १८ | ९ |
| पूर्वदत्त खर्च | ४ | ५ |
| एकूण | ५३० | ७४२ |

नफा-तोट्यातून: व्याज व करपूर्व नफा ५८ वरून ६२, व्याज २४ वरून ४०, २०२३-२४ चा घसारा २२.

आधी दोन बेरजा पक्क्या करा. चालू मालमत्ता ३२२ आणि ४५२. चालू देयता २२० आणि ३७२. देयतेत मुदत कर्जाचे येत्या वर्षातले हप्ते धरायचे असतात. निम्मा वर्ग ते विसरतो आणि मग पुढचं प्रत्येक उत्तर चुकतं.

भाग अ: रोखता

१. चालू गुणोत्तर = चालू मालमत्ता ÷ चालू देयता

२०२३: ३२२ ÷ २२० = १.४६
२०२४: ४५२ ÷ ३७२ = १.२२

पुस्तकात आदर्श प्रमाण २:१ दिलं आहे. पण हंगामी धंद्यात, त्यातही बँकेच्या पैशावर चालणाऱ्या धंद्यात, २ क्वचितच दिसतं. बँकेत तुम्हाला १.३३ हा आकडा ऐकू येईल. रिझर्व्ह बँकेने १९७४ साली नेमलेल्या टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीतून तो आला. चालू मालमत्तेचा किमान २५ टक्के भाग दीर्घकालीन निधीतून यावा, उरलेला ७५ टक्के चालू देयतेतून चालेल. १०० ला ७५ ने भागलं की १.३३. आपली कंपनी २०२३ मध्ये या रेषेच्या वर होती, २०२४ मध्ये खाली आली.

का आली? खेळतं भांडवल काढून बघा. ३२२ − २२० = १०२. ४५२ − ३७२ = ८०. मालसाठा १३० लाखांनी वाढला, तरी खेळतं भांडवल २२ लाखांनी घटलं. हे २२ लाख कुठे गेले ते ताळेबंदातच दिसतं. स्थिर मालमत्ता ८२ लाखांनी वाढली. त्यासाठी स्वतःचा निधी फक्त १२ लाखांनी आणि दीर्घकालीन कर्ज ४८ लाखांनी वाढलं, म्हणजे ६० लाख. उरलेले २२ लाख कमी मुदतीच्या पैशातून गेले. प्रेस दहा-पंधरा वर्षं चालेल, पण तिचा एक भाग शेतकऱ्याला आणि बँकेला लवकर परत करायच्या पैशातून उभा आहे. मला संपूर्ण पत्रिकेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच मुद्दा. उत्तरात हा शोध लिहिलात तर पूर्ण गुण.

२. त्वरित गुणोत्तर = (ऋणको + रोख व बँक) ÷ चालू देयता

२०२३: १२८ ÷ २२० = ०.५८
२०२४: १२७ ÷ ३७२ = ०.३४

मालसाठा आणि पूर्वदत्त खर्च वगळायचे. प्रमाण १:१ मानतात. गंमत अशी की वरचा आकडा जवळपास तोच राहिला, १२८ चा १२७. खालचा मात्र १५२ लाखांनी फुगला. म्हणजे वसुली बिघडलेली नाही. देणी वाढली, आणि त्या देण्यांतून आलेला पैसा गोदामात गाठींच्या रूपात पडून आहे.

इथे जरा थांबा. जिनिंगचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, कापूस येत राहतो आणि मार्चअखेर गोदाम भरलेलं असतं. त्यामुळे ३१ मार्चच्या ताळेबंदात मालसाठा आणि कॅश क्रेडिट दोन्ही फुगलेले दिसणं स्वाभाविक आहे. याच कंपनीचा सप्टेंबरअखेरचा ताळेबंद काढला तर चित्र बरंच वेगळं असेल. म्हणून एका तारखेच्या ०.३४ वरून कंपनी बुडाली असं लिहू नका. पण मागच्या वर्षीची तारीखही ३१ मार्चच होती आणि तेव्हा आकडा ०.५८ होता. हंगाम दोन्ही वर्षी तोच, म्हणून ही घसरण हंगामाच्या नावावर ढकलता येत नाही.

३. रोख गुणोत्तर = रोख व बँक ÷ चालू देयता

२०२३: १८ ÷ २२० = ०.०८
२०२४: ९ ÷ ३७२ = ०.०२

हे थोडक्यात. कॅश क्रेडिट वापरणारा धंदा रोख शिल्लक ठेवत नाही. आलेला पैसा खात्यात भरून व्याज वाचवतो. आकडा लहान असणं इथे दोष नाही. मात्र धनकोंचे ७४ लाख समोर ठेवून ९ लाख वाचा. हे धनको म्हणजे बहुतेक शेतकरी. आमच्या घरचा दोन गाड्या कापसाचा चुकारा एका वर्षी होळीपर्यंत अडकला होता, आणि बाबा दर बाजाराच्या दिवशी त्या जिनच्या फाटकावर जाऊन परत यायचे. तेव्हा मला गुणोत्तर माहीत नव्हतं. आज धनको ४० वरून ७४ झालेले दिसतात, तेव्हा मला ते फाटक दिसतं.

भाग ब: कर्जभार

स्वतःचा निधी = भाग भांडवल + राखीव निधी व वाढावा. २०२३: २२०. २०२४: २३२.

४. ऋण-समभाग गुणोत्तर = दीर्घकालीन कर्ज ÷ स्वतःचा निधी

२०२३: ९० ÷ २२० = ०.४१
२०२४: १३८ ÷ २३२ = ०.५९

पुस्तकी मर्यादा २:१ धरली तर दोन्ही वर्षं निर्धास्त. पण इतक्यावर थांबलात तर कॅश क्रेडिटचे २५६ लाख हिशेबाबाहेर राहतात, आणि खरं कर्ज तर तिथेच आहे. म्हणून बँक अधिकारी पुढचं गुणोत्तर बघतात.

५. एकूण बाह्य देणी ÷ स्वतःचा निधी

२०२३: (९० + २२०) ÷ २२० = १.४१
२०२४: (१३८ + ३७२) ÷ २३२ = २.२०

मालकाच्या एका रुपयामागे बाहेरच्यांचे आधी एक रुपया एक्केचाळीस पैसे होते, आता दोन रुपये वीस पैसे. ०.५९ आणि २.२० ही एकाच कंपनीची, एकाच दिवसाची गुणोत्तरे आहेत. परीक्षेत दोन्ही काढून त्यांतला फरक समजावा.

६. मालकी गुणोत्तर = स्वतःचा निधी ÷ एकूण मालमत्ता

२०२३: ४१.५ टक्के
२०२४: ३१.३ टक्के

वरच्याचीच दुसरी बाजू. नवीन काही लिहायचं नाही. शंभरातले एकतीस मालकाचे, बाकी इतरांचे.

७. व्याज आच्छादन गुणोत्तर = व्याज व करपूर्व नफा ÷ व्याज

२०२३: ५८ ÷ २४ = २.४२ पट
२०२४: ६२ ÷ ४० = १.५५ पट

कर्ज वाढलं म्हणून धंदा वाईट असं नसतं. वाढलेल्या कर्जाने नफा किती वाढवला ते बघायचं. इथे नफा ४ लाखांनी वाढला, व्याज १६ लाखांनी. ६२ पैकी २२ लाख कमी झाले, म्हणजे नफा सुमारे ३५ टक्क्यांनी घसरला, की सगळा नफा व्याजातच जाईल. गाठींचे भाव एका हंगामात खाली-वर होतात, त्यामुळे ही उसंत कमी आहे. कंपनीच्या बाजूने एक गोष्ट जरूर लिहा: प्रेस वर्षभर पूर्ण चालली नसेल, तर तिचा नफा २०२४-२५ मध्ये दिसू शकतो. ताळेबंदाखालच्या टिपांत यंत्र कधी सुरू झालं ते शोधायची सवय लावा.

भाग क: तुम्ही सोडवा

प्र. १. ३१ मार्च २०२४ नंतर भाव पडून मालसाठ्याची किंमत १० टक्क्यांनी कमी झाली. कराचा विचार न करता गुणोत्तर क्र. १ आणि ५ पुन्हा काढा.

प्र. २. भाव पडण्याऐवजी कंपनीने ६० लाखांच्या गाठी पुस्तकी किमतीला रोखीने विकून सगळी रक्कम कॅश क्रेडिटमध्ये भरली. गुणोत्तर क्र. १, २ आणि ५ काढा.

प्र. ३. तालुक्याच्या गावातलं कृषी सेवा केंद्र, एकाच मालकाचं, ३० सप्टेंबर २०२४ (लाख रुपये): बियाणे-खते-औषधांचा साठा १४, शेतकऱ्यांकडची उधारी २६, रोख व बँक २, दुकानाची स्थिर मालमत्ता ६, वितरकांची देणी १८, ओव्हरड्राफ्ट १०, गाडीचं दीर्घकालीन कर्ज ५, मालकाचं भांडवल १५. चालू, त्वरित आणि ऋण-समभाग गुणोत्तरे काढा. मग उधारीतले ८ लाख दोन वर्षांपासून थकलेले आहेत आणि येणार नाहीत असं धरून पुन्हा काढा. सोयाबीन निघण्याच्या तोंडावर ही उधारी किती पक्की मानायची, यावर पाच ओळी लिहा.

उत्तरे

प्र. १. मालसाठा ३२ लाखांनी घटतो. ४२० ÷ ३७२ = १.१३. स्वतःचा निधी २०० होतो; ५१० ÷ २०० = २.५५. एकाच धक्क्याने रोखता आणि कर्जभार दोन्ही बिघडले, कारण तोटा थेट मालकाच्या निधीतून जातो.

प्र. २. ३९२ ÷ ३१२ = १.२६; १२७ ÷ ३१२ = ०.४१; ४५० ÷ २३२ = १.९४. नफा एक रुपया न वाढता तिन्ही सुधारली.

प्र. ३. आधी: ४२ ÷ २८ = १.५०; २८ ÷ २८ = १.००; ५ ÷ १५ = ०.३३. थकबाकी वगळून: ३४ ÷ २८ = १.२१; २० ÷ २८ = ०.७१; भांडवल ७ उरतं, म्हणून ५ ÷ ७ = ०.७१. पाच ओळींसाठी तयार उत्तर नाही. गावातल्या दुकानदाराला विचारा, कोणत्या शेतकऱ्याची उधारी सोयाबीनवर फिटते आणि कोणाची कापसावर, आणि त्याचे शब्द वहीत तसेच लिहून आणा.