घसारा: पुस्तक मिटून सोडवायचे प्रश्न

पुस्तक आणि वही, दोन्ही मिटा. व्याख्या पाठ असतील असे धरून चालले आहे. प्रत्येक उत्तर आधी दोन-तीन ओळींत लिहा आणि मगच धडा उघडा. जिथे अडाल तिथे खूण करा, कारण तीन दिवसांनी फक्त खुणेचेच प्रश्न घ्यायचे आहेत.

पाया

१. घसाऱ्यापोटी कोणालाही रोख दिली जात नाही. तरी तो नफा-तोटा खात्याच्या नावे बाजूला का जातो?

२. यंत्र बसवण्याची मजुरी यंत्र खात्यात का मिळवतात? ती चुकून मजुरी खात्यात गेली, तर या वर्षीचा नफा कसा बदलेल आणि पुढच्या वर्षांचा कसा?

३. जमिनीवर घसारा का नाही? मग दगडाच्या खाणीची किंमत दरवर्षी का घटवतात?

४. यंत्राचा बाजारभाव वाढला, तरीही घसारा का आकारतात?

५. यंदा घसारा लावायचाच राहिला, तरी ताळेबंद जुळला. कसा? मालकाने तो नफा पूर्ण उचलला तर भांडवलाचे काय होईल? (या प्रश्नाला घाई करू नका. सगळा धडा यात आहे.)

दोन पद्धती

यंत्राची किंमत १,००,०००, आयुष्य ५ वर्षे, अवशेष मूल्य १०,०००. स्थिर प्रभाग पद्धतीने दरवर्षी १८,००० घसारा. ऱ्हासमान शेष पद्धतीने २० टक्के.

६. दुसऱ्या पद्धतीत दर तोच असूनही घसारा २०,०००, १६,०००, १२,८०० असा का उतरतो? शिल्लक कधीच शून्य का होत नाही?

७. दुरुस्तीचा खर्च वर्षागणिक वाढतो. तो आणि घसारा एकत्र धरले, तर कोणत्या पद्धतीत नफ्यावरचा भार जास्त समान पडतो? का?

८. तिसऱ्या वर्षाअखेर यंत्र ५०,००० ला विकले. एका पद्धतीत नफा, दुसऱ्यात तोटा येतो. यंत्र एक, विक्री एक, मग असे का? आणि तीन वर्षांत नफ्यातून गेलेली एकूण रक्कम दोन्हीकडे सारखीच कशी?

नोंदी

९. घसारा तरतूद खाते वेगळे ठेवल्यास यंत्र खात्यावर मूळ किंमतच का दिसत राहते? ताळेबंद वाचणाऱ्याला त्यातून जास्तीचे काय कळते?

१०. यंत्र वर्षाच्या मध्यात घेतले, तर घसाऱ्याची रक्कम कशी काढाल? तसे का करावे लागते?

पडताळणी

५. नफा जेवढा जास्त दिसतो तेवढेच भांडवल फुगते आणि मालमत्ताही तेवढीच जास्त दिसते, म्हणून दोन्ही बाजू जुळतात. तो नफा उचलला की प्रत्यक्षात भांडवलच बाहेर जाते.

८. पुस्तकी किंमत: स्थिर प्रभाग ४६,०००, म्हणून नफा ४,०००. ऱ्हासमान शेष ५१,२००, म्हणून तोटा १,२००. एकूण भार: ५४,००० वजा ४,००० आणि ४८,८०० अधिक १,२००, दोन्हीकडे ५०,०००.

बाकीची उत्तरे धड्यातून स्वतः ताडून पाहा.