बेदाण्याच्या पाकिटांच्या डिझाइनचं अ‍ॅग्रीमेंट

तारीख १२ जानेवारी २०२६, नाशिक. मी स्नेहल, फ्रीलान्स डिझायनर, कॉलेज रोड, आणि तुम्ही सागरदादा, पिंपळगाव बसवंतच्या बेदाणा युनिटचे मालक. आपलं तोंडी जे ठरलं ते साध्या मराठीत लिहून काढलंय, पण सही झाली की दोघांनाही बंधनकारक.

काम: एक लोगो आणि १००, २५० आणि ५०० ग्रॅमच्या पाकिटांची लेबलं. दोन वेळा बदल फुकट, तिसऱ्यापासून प्रत्येक वेळी १,५०० रुपये. लेबलवरचा मजकूर, वजन, एफएसएसएआय नंबर तुम्ही द्यायचा आणि बरोबर आहे का तेही तुम्हीच बघायचं.

मी तुमची नोकरदार नाही. लॅपटॉप माझा, सॉफ्टवेअर माझं, कधी आणि कुठे बसून करायचं तेही मीच ठरवणार, बाकीच्या क्लायंटची कामंही चालू राहतील, फक्त तुमचं पाकीट बाजारात येईपर्यंत दुसऱ्या बेदाणावाल्याचं काम घेणार नाही. पीएफ, ईएसआय, बोनस, पगारी सुट्टी यातलं काही मी मागणार नाही आणि तुम्हीही दहा ते सहा युनिटवर बसा म्हणायचं नाही. तुमच्या स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकलंत म्हणून मी स्टाफ होत नाही! टॅक्स माझा मी भरेन, टीडीएस लागू असेल तर कापा पण सर्टिफिकेट वेळेवर द्या.

मालकी: कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे नोकरीत केलेलं काम सहसा मालकाचं, पण फ्रीलान्सरचं काम लेखी दिल्याशिवाय त्याचंच राहतं, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. शेवटचा रुपया जमा झाला की फायनल लोगो आणि तिन्ही लेबलांचे सगळे हक्क जगभरासाठी, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी तुमचे, आणि वर्षभर वापरले नाहीत तरी ते माझ्याकडे परत येणार नाहीत. (मुदत आणि प्रदेश लिहिला नाही तर कायदा ५ वर्षं आणि फक्त भारत धरतो.) .ai आणि .cdr फाइल्स तेव्हाच मिळतील. त्याआधी प्रिंटरकडे काही पाठवायचं नाही, अंबडच्या प्रेसवाल्याने कितीही घाई केली तरी. नापास झालेली डिझाइन्स माझी. फॉन्टचं लायसन्स तुमच्या नावाने तुम्ही घ्यायचं. पाकीट बाजारात आल्यावर हे काम मी माझ्या पोर्टफोलिओत दाखवणार.

पैसे: एकूण ५०,००० रुपये. २०,००० सुरुवातीला, ते आल्याशिवाय काम सुरू नाही, १५,००० लोगो पास झाल्यावर, १५,००० लेबलं पास झाल्यावर. बिल मेलवर आल्यापासून १५ दिवसांत. डिझाइन पाठवलेल्या मेलला ७ दिवसांत उत्तर नाही आलं तर डिझाइन पास समजायचं. माझं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, त्यामुळे उशीर झाला तर एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ, सोळाव्या दिवसापासून लागेल. "व्यापाऱ्याकडून पैसे आले की देतो" हे कारण धरलं जाणार नाही. बिल थकलं की काम थांबेल आणि डिलिव्हरीची तारीख तेवढीच पुढे जाईल.

मध्येच थांबवायचं असेल तर कोणीही ७ दिवस आधी मेल करावा, तोपर्यंत झालेल्या कामाचे पैसे द्यायचे, अ‍ॅडव्हान्स त्यातच वळता होईल. वाद झालाच तर आधी समोरासमोर बसू, नाही मिटलं तर नाशिकचं कोर्ट, आणि थकलेल्या बिलासाठी मी एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलकडेही जाऊ शकते.

वाचून, समजून, राजीखुशीने सही केली:
स्नेहल, डिझायनर
सागर, बेदाणा युनिटतर्फे