सोयाबीन काढणीसाठी सहा दिवसांच्या रजेचा अर्ज

दिनांक : २४ सप्टेंबर २०२५

प्रति,
लेखा व्यवस्थापक

विषय : ६ ते ११ ऑक्टोबर २०२५ या काळात अर्जित रजा मिळण्याबाबत

आदरणीय मॅडम,

घरच्या शेतातल्या सोयाबीनच्या काढणीसाठी मला सोमवार ६ ऑक्टोबर ते शनिवार ११ ऑक्टोबर अशी सहा दिवसांची रजा हवी आहे. माझ्या खात्यावर ११ दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे. रविवारी ५ तारखेला मी गावी निघेन आणि सोमवारी १३ तारखेला नेहमीच्या वेळेला कामावर हजर होईन.

दरवर्षी हे काम वडील आणि आई बघतात, मी शनिवार-रविवार जोडून जाऊन येतो. यंदा तेवढ्यावर भागणार नाही. वडिलांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १५ सप्टेंबरला झालं. धूळ टाळा, ओझं उचलू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. मळणीच्या वेळी यंत्रापाशी किती भुसा उडतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मी गेलो नाही तर ते डोळ्याला रुमाल बांधून तिथे उभे राहतील. त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. आईही परवा फोनवर हेच म्हणाली, "तू ये, म्हणजे ते घरी बसतील." चुलत्यांची मदत झाली असती, पण त्यांचं रान त्याच आठवड्यात काढणीला आलंय.

काम चार दिवस पुढे ढकलता येईल का, याचाही मी विचार केला. सोयाबीनला ते परवडत नाही. पानं गळून शेंगा तपकिरी झाल्या की लगेच सोंगणी करावी लागते. पीक जास्त वाळलं की शेंगा उभ्या झाडावरच तडकतात आणि दाणा मातीत जातो. म्हणून सोंगणीही पहाटे, दव असतानाच सुरू करतात, शेंगा नरम असतात तेव्हा. गेल्या वर्षी मला इथून निघायला दोन दिवस उशीर झाला. कापून ठेवलेल्या गंजीवर रात्री पाऊस आला आणि ताडपत्री ओढायला घरी दोघंच. खालच्या थरातल्या शेंगा मी सोलून बघितल्या, तर आत दाण्याला पांढरे कोंब आलेले. वडील काहीच बोलले नाहीत, नुसती एकेक पेंडी उलटत राहिले. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

शेत पाच एकर आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं. आठ मजूर मिळाले तर सोंगणी बुधवारपर्यंत उरकेल, मग गुरुवारी वाळवण आणि शुक्रवारी मळणी. शनिवार मी मुद्दाम धरलाय. पुढच्या वर्षीचं बियाणं आम्ही घरचंच ठेवतो. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल नाजूक असतं, यंत्र जोरात फिरलं की त्याला चीर जाते आणि असं बी उगवत नाही. त्यामुळे बियाण्याचा ढीग वेगळा, कमी वेगावर मळून घ्यायचा, सावलीत वाळवायचा आणि हाताने निवडायचा. हे आजवर वडीलच करत आले. यंदा त्यांनी बाजेवर बसून सांगायचं आणि मी करायचं, असं ठरवलंय.

ऑफिसच्या कामाबद्दल. सप्टेंबरअखेरचा ताळमेळ मी ३ तारखेपर्यंत पूर्ण करून तुमच्याकडे देईन. रजेच्या आठवड्यात देय असलेली पुरवठादारांची बिलं तपासून, व्हाउचर बनवून ठेवेन, तुमची सही झाली की पेमेंट सोडता येईल. रोजच्या बँक नोंदी शेजारच्या टेबलावरचा सहकारी बघायला तयार आहे. त्याच्याशी बोललोय आणि फाइल कुठे काय आहे ते शनिवारी ४ तारखेला त्याच्यासोबत बसून दाखवेन. रानात फोनला रेंज नीट नसते, पण दुपारी जेवायला घरी येतो तेव्हा १ ते २ मध्ये मी हमखास भेटेन आणि संध्याकाळी सातनंतर कधीही. अगदीच अडलं तर घरी लॅपटॉप नेतोय.

एक विनंती. शक्य असेल तर या शनिवारपर्यंत, म्हणजे २७ तारखेपर्यंत, मला कळवावं. मळणीयंत्राचा नंबर आधी लावावा लागतो. सगळ्यांची काढणी एकदमच येते, त्यामुळे शुक्रवारचा नंबर हुकला की पुढे आठवडाभर यंत्र मिळत नाही. मजुरांनाही आगाऊ सांगावं लागतं. सहाही दिवस देणं अडचणीचं असेल तर निदान बुधवार ते शनिवार तरी द्यावेत. सोंगणीचं मी चुलत्यांच्या हातापाया पडून कसंही जमवेन, पण मळणी आणि बियाण्याच्या वेळी मला तिथे असणं भाग आहे.

वडिलांच्या ऑपरेशनचा कागद सोबत जोडला आहे.

आपला विश्वासू,
संदीप
लेखा विभाग