गावी आल्यावर दाखवू

"बोलताना डावा हात कमरेवरून निघत नाही तुमचा," मनीषा म्हणाली.

"ग्राइंडर उचलून उचलून पाठ धरलीय."

"पाठ अशी पुढून धरतात का?"

सोमनाथनं फोन दुसऱ्या हातात घेतला आणि ओमच्या शाळेचं विचारलं. विषय बदलायची त्याची ही जुनी सवय होती, आणि मनीषाला ती चांगली ठाऊक होती. पण कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, कणीक मळायची बाकी होती, आणि उद्याचे बावीस डबे सकाळी सातच्या आत सातपूरच्या कंपन्यांच्या गेटवर पोचायला हवे होते. तिनं विषय बदलू दिला.

सोमनाथ सातपूरच्या आयटीआयमधून निघालेला वेल्डर. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं काढली, मग ऑर्डरी आटल्या आणि पगार पुढच्या महिन्यावर जाऊ लागला. तेव्हा तो दुबईला गेला. सोनापूरच्या कॅम्पात एका खोलीत सहा जण, दुमजली पलंग, खालच्या पलंगाला पडदा. बेसिक बाराशे दिरहम. ओव्हरटाइम मिळाला तर दोन हजाराच्या घरात. त्यातले सोळाशे घरी यायचे, म्हणजे छत्तीस-सदतीस हजार. अशोकनगरच्या दोन खोल्यांचा हप्ता त्यातूनच जायचा. तुळशीच्या लग्नानंतर वर्षाचं, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचं, लग्न होतं. त्यासाठी त्यानं दोन वर्षांची रजा साठवली होती आणि तिकिटाचं कंपनीला सांगून ठेवलं होतं.

कमरेतून निघालेली कळ जांघेपर्यंत उतरते, उलटी होते, आणि तासाभरात काही झालंच नव्हतं असं वाटतं, हे त्यानं तिला श्रावणात सांगितलं. त्या आठवड्यात गोदावरीला पूर होता. दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलंय म्हणून ओम शेजारच्या पोरांबरोबर बघायला गेला होता आणि घरात शांतता होती. नाहीतर बोलला नसता.

"लघवी लाल होते का?"

"एकदा झाली. बीट खाल्लं होतं."

"मेसमध्ये बीट देतात?"

तो हसला. मनीषाला हसू आलं नाही. तिच्या वडिलांना मुतखडा झाला होता, त्यामुळे ही कळ तिनं घरात पाहिलेली होती.

"दवाखान्यात जा ना. इन्शुरन्स आहे म्हणालात."

"कार्ड आहे. पण सगळं फुकट नसतं. डॉक्टरच्या फीचे वीस टक्के आपले, गोळ्यांचे तीस. एक्सरे म्हणतील, सोनोग्राफी म्हणतील. आणि एकदा कागदावर आलं की आलं. गावी आल्यावर दाखवू. आपल्या डॉक्टरांना सगळं माहीत असतं."

आपल्या डॉक्टरांना सोमनाथच्या मूत्रपिंडाविषयी काहीही माहीत नव्हतं. पण परक्या मुलखातल्या माणसाला गावातला दवाखाना असाच आठवतो. तिथे मराठीत 'चमक मारते' असं सांगता येतं, दुबईत हिंदी-इंग्रजीत बोट दाखवून दाखवून सांगावं लागतं.

मनीषानं भामरे काकांना विचारलं. काकांनी अठरा वर्षं आखातात काढून सिडकोत बंगला बांधलेला, गल्लीतल्या प्रत्येक पासपोर्टवाल्याला त्यांचा सल्ला असायचा.

"तिकडे आजारी पडायचं नसतं, पोरी," काका म्हणाले. "आमच्या वेळी एकाचं ऑपरेशन झालं, महिन्याभरात कंपनीनं विमानात बसवला. पुढं व्हिसाच नाही. त्याला म्हणावं, कुळीथ खा."

काकांची वेळ कधीच मागं पडली होती. पण मनीषानं हे सोमनाथला सांगितलं आणि त्याला जे ऐकायचं होतं तेच मिळालं. व्हिसा जानेवारीत रिन्यू व्हायचा होता, पुन्हा मेडिकल. 'अनफिट' हा एकच शब्द त्याला रात्री जागा ठेवायचा.

मग कुळीथ. सिन्नरचा एक मुलगा सुट्टी संपवून परत चालला होता, त्याच्याबरोबर मनीषानं दोन किलो कुळीथ, बाजरीचं पीठ आणि काळा मसाला पाठवला. दिवाळी जवळ आली होती म्हणून चिवडा-शंकरपाळीही. अनारसे मात्र घरातच राहिले. अनारशाला खसखस लागते आणि दुबईच्या विमानतळावर खसखस सापडली तर माणूस थेट आत जातो, हे गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. सासूबाईंनी खसखशीऐवजी तीळ लावून चार केले, पण ते सोमनाथला आवडणार नाहीत म्हणून मुलांनाच वाटले.

सोमनाथ कामावरून येऊन कढण करायचा. केरळचा शाजी, त्याच्या वरच्या पलंगावरचा, तोही वाटीभर प्यायचा. त्यांच्याकडेही कुळीथ असतात म्हणे. पण कढणानं जे बाहेर निघतं ते निघतं. मुतखडा बारीक असला तर भरपूर पाण्यानंही पडून जातो. हा बारीक नव्हता. आणि पाणी तर सोमनाथ पीतच नव्हता. साइटवर टॉयलेट लांब. दर वेळी मुकादमाला विचारून पाच मिनिटं चालत जायचं, मग परत यायचं, आणि मुकादम घड्याळ बघत उभा. उन्हाळाभर त्यानं सोपा उपाय काढला होता. कमी प्यायचं. दुपारी साडेबारा ते तीन सावलीत बसवतात तेव्हा दोन बाटल्या, बाकी घसा ओला करण्यापुरतं. घाम तर शर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेघा सोडून वाळायचा.

आणि गोळ्या. फार्मसीत मिळणारी दुखण्याची गोळी, सकाळी एक, रात्री एक, कळ आली की आणखी एक. वीस दिरहमच्या आत आठवडा निघायचा. दवाखान्यापेक्षा स्वस्त, असा त्याचा हिशोब.

दसऱ्यानंतरच्या एका रात्री, नाशकात एक वाजून गेला असताना, फोन आला. पडद्यावर शाजीचं नाव. सोमनाथनं अडीनडीसाठी म्हणून नंबर दिला होता, तो पहिल्यांदाच वाजत होता.

"दीदी, आप डरना नहीं. सोमनाथ को बुखार है. बहुत कांपता है. मैंने नौ सौ अठ्ठानवे को फोन किया, गाडी आया."

मागून पाट्या सरकल्यासारखे आवाज येत होते, कुणीतरी अरबीत बोलत होतं. मनीषानं फक्त एक विचारलं, "बोल रहा है क्या?" शाजीनं फोन सोमनाथच्या कानाला लावला. तिकडून एकच वाक्य आलं, तेही मराठीत, थरथरत: "ओमच्या फीचे पैसे कपाटात वरच्या डब्यात आहेत, ते नको खर्चू."

तिला राग आला. नंतर सासूबाईंना उठवताना रडू आलं, पण आधी राग आला.

पुढची माहिती तिला तुकड्यातुकड्यानं मिळाली. खडा चौदा मिलिमीटरचा. मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळीत अडकलेला. मागं लघवी साठली, तिला इन्फेक्शन झालं, ते रक्तात उतरायला लागलं होतं. रात्रीच आतून बारीक नळी, स्टेंट, टाकला. एक दिवस आणखी गेला असता तर, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत. ते मूळचे हैदराबादचे, हिंदीत बोलायचे. गोळ्यांची पट्टी बघून मात्र बोलले: इतके महिने या गोळ्या रोज खाल्ल्या तर मूत्रपिंडावरच जातात.

बिलाचं तिला चौथ्या दिवशी कळलं.

"किती आलं?"

"आपल्या वाट्याला पाचशे. ॲडमिट झालं की एका वेळी त्याच्यावर घेत नाहीत."

"रुपये?"

"दिरहम. साडेअकरा हजार धर." जरा थांबून तो म्हणाला, "बाकी इन्शुरन्सनं दिलं. शाजी म्हणतो, व्हिसाच्या मेडिकलला रक्त आणि छातीचा एक्सरे बघतात, मुतखडा नाही बघत."

"म्हणजे आपण उगाच..."

"उगाच नाही," तो म्हणाला. पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात. "पंधरा दिवस पूर्ण पगार, पुढं अर्धा, हे कायद्यात आहे. पण पूर्ण म्हणजे माझ्या कागदावरचा पगार. ओव्हरटाइम त्यात नाही. मी इथं बाराशेवर राहायला आलो नाही. जुलैत गेलो असतो तरी हा महिना बुडालाच असता. हप्ता तर बँकेला हवाच."

यावर मनीषाला बोलता आलं नाही, कारण ते खरंच होतं. कार्ड दवाखान्याचं बिल भरतं, बुडालेला ओव्हरटाइम कोण भरणार? तिनं मनातल्या मनात हिशोब केला: डब्यांचे पैसे, भिशीचा नंबर मार्चमध्ये, तो आधी मागून घेता येईल, शेजारच्या ताई नाही म्हणणार नाहीत. लग्नाच्या जेवणातली एक मिठाई कमी.

पण सोमनाथच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. सहा आठवड्यांत स्टेंट काढायचा होता आणि खडा फोडायचा होता. ती तारीख नेमकी लग्नाच्या आठवड्यात येत होती.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "डिसेंबरमध्ये नाशिकला येतोच आहे. तिथंच काढून टाकू. परत रजा नको, परत सुपरवायझरचं तोंड नको."

"तारीख कधीची दिलीय?"

"अंदाजे आहे ती."

"कागद दाखवा. कॅमेऱ्यासमोर धरा."

त्यानं धरला. मनीषानं चष्मा लावला, इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या चौकोनावर लाल पेनानं गोल केला. त्याच चौकोनाच्या शेजारी 'वर्षा हळद' असं तिच्याच हातानं लिहिलेलं होतं.

"तुमच्याशिवाय होईल लग्न. वर्षाला मी सांगते. कन्यादान तसंही मोठे काका करणार."

"आई काय म्हणेल?"

"आई इथं बसल्यात, ऐकतायत." सासूबाई पाटावर लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "त्याला सांग, नळी काढल्याशिवाय विमानात बसलास तर घरात घेणार नाही."

सोमनाथ काही वेळ गप्प होता. पलंगाच्या वरून शाजीचा पाय लोंबकळताना दिसत होता.

"रजेचा अर्ज दिला का?"

"उद्या देतो."

"किती वाजलेत तुमच्याकडे?"

"सात."

"कॅम्पचं ऑफिस आठपर्यंत उघडं असतं, तुम्हीच सांगितलं होतं. शाजीला सोबत घ्या, त्याचं इंग्रजी बरं आहे. आणि त्या कागदाचा फोटो काढून अर्जाला जोडा."

"आत्ता?"

"फोन बंद करू नका. मी पोळ्या लाटते तोवर."

सोमनाथ कण्हत उठला, चपला शोधल्या, आणि वरच्या पलंगाला हात मारून म्हणाला, "चल रे शाजी, घरून ऑर्डर आलीय." फोनच्या पडद्यावर आधी छत आलं, मग जिन्याचे कठडे, मग त्याचा अंगठा.

"पाण्याची बाटली घेतली का?" मनीषानं पहिली पोळी तव्यावर टाकत विचारलं.