चौसष्ट

घरमालकाने जिन्याखालच्या भिंतीवर ती स्क्रीन बसवली तेव्हा संतोषला बरंच वाटलं होतं. हीटिंग कधी सुरू होणार, कधी बंद, मागचं दार नीट लागलंय का, सगळं एका जागी दिसायचं. पण थंडी वाढली तशी तिची कटकटही वाढली. दाराच्या सेन्सरची बॅटरी उतरली. नवीन अपडेट आलंय. बाहेर दंव पडणार आहे. आणि खिडक्या बंद असल्या की दिवसातून चार-पाच वेळा पिवळ्या पट्टीवर तीच ओळ: CO2 1240 ppm – Ventilate. कधी आकडा अकराशेचा, कधी चौदाशेचा. खाली OK.

कॉव्हेंट्रीत फेब्रुवारीत खिडकी उघडायची म्हणजे गॅस जाळून रस्ता गरम करायचा. संतोष आणि प्रथमेश दोघंही जाता-येता OK दाबून मोकळे व्हायचे. बोटाला सवय झाली होती, डोळे वाचेनासे झाले होते.

संतोष वृद्धाश्रमात रात्रपाळीला. रात्री नऊ ते सकाळी साडेसात. दिवसा काळे पडदे ओढून, कानात बोळे घालून झोपायचं, संध्याकाळी अंधार पडल्यावर उठायचं. अशा माणसाचं डोकं कधी जड असतं, कधी पोटात ढवळतं, कधी जिना चढताना पाय भरून येतात. रात्रपाळी करणाऱ्या कुणालाही विचारा, तो म्हणेल, चालायचंच. त्या आठवड्यात डोकं रोजच दुखत होतं आणि संतोषही तेच म्हणत होता.

त्या दिवशी प्रथमेश गोदामातून लवकर घरी आला होता. स्वयंपाकघरात टेबलावर डोकं ठेवून बसला होता.

"दादा, डोकं ठणकतंय रे. उलटीसारखं होतंय."

संतोषने कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही."

"तापच नाही ना. नुसतं गळून गेल्यासारखं वाटतंय. दुपारी कामावर बरा होतो."

"गोळी घे आणि पड. मोबाइल बघत बसू नकोस. हीटिंग चालू ठेवतो रात्रभर."

प्रथमेशने पॅरासिटामॉल घेतली, संतोषच्याच डबीतले कानातले बोळे मागून घेतले आणि वर गेला. जिन्यावर मध्येच थांबून त्याने कठडा धरला. ते संतोषने पाहिलं. बसची वेळ झाली होती.

बुटाची नाडी बांधताना स्क्रीन उजळली. तीच पिवळी पट्टी. CO 64 ppm – Boiler cupboard. त्याने ppm पाहिलं, आकडा पाहिला. नेहमीच्या चार आकड्यांऐवजी दोनच. आज हवा बरी दिसतेय, एवढंच मनात आलं. OK दाबलं. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दार घट्ट ओढून घेतलं, ओढून झाल्यावर वर हात लावून एकदा तपासलंसुद्धा.

वृद्धाश्रमातही एक पॅनेल होतं. खोली क्रमांक उजळला की जायचं, मग कारण काहीही असो. चौदा नंबरच्या आजी दर अर्ध्या तासाने बेल दाबायच्या. कधी पाणी हवं असायचं, कधी पांघरूण, बहुतेक वेळा नुसतं कुणीतरी यावं म्हणून. इतर लोक कधीकधी पॅनेलवरूनच बेल बंद करायचे. संतोषने ते कधी केलं नाही. जेसी सिस्टर त्याच्यावर ड्यूटी टाकून निर्धास्त असायच्या, त्या यामुळेच.

पाऊण वाजता ब्रेक मिळाला. फोन लॉकरमध्ये, चहा हातात. स्टाफरूमची खिडकी वीतभर उघडी होती.

"डोकं कसं आहे?" जेसी सिस्टरनी विचारलं. आल्या आल्या त्याने डोकं चोळलेलं त्यांच्या लक्षात होतं.

"उतरलं. इथे आलं की उतरतंच हल्ली."

बोलता बोलता त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली. कोविडनंतर खोल्यांमधली हवा खेळती आहे का ते कळावं म्हणून तिथे एक लहानसा डबा लावला होता. हिरवा आकडा: 610.

खिडकी उघडी, खोलीत माणसं दोन, आणि आकडा सहाशे दहा. मग दारं-खिडक्या बंद असलेल्या घरात चौसष्ट कसा?

तो उठून डब्याजवळ गेला. "सिस्टर, हा आकडा कमीत कमी किती होतो?"

"खिडकी सताड उघडली तर चारशे वीस-तीस. बाहेरच्या मोकळ्या हवेतच तेवढा असतो. का?"

चौसष्ट होऊच शकत नाही. म्हणजे तो आकडा दुसऱ्याच कशाचा तरी होता. पिवळी पट्टी डोळ्यांसमोर आली. ppm च्या आधी दोन अक्षरं होती, आणि त्यांच्या पुढे २ नव्हता. खाली Ventilate नव्हतं. बॉयलरच्या कपाटाचं नाव होतं.

"सिस्टर, घरी CO चौसष्ट दाखवत होतं. मी बंद केलं. पोरगा झोपलाय घरात."

जेसी सिस्टरनी कप खाली ठेवला. "त्याला फोन लाव. मी माझ्या फोनवरून नाइन नाइन नाइन लावते. पत्ता सांग."

प्रथमेशचा फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग त्याने शेजारच्या ब्रेंडाबाईंना लावला. दिवसा हा घरी असायचा म्हणून त्यांची पार्सलं हाच घ्यायचा. त्यामुळे नंबर होता, आणि एकदा हा बाहेर अडकल्यापासून त्यांच्याकडे घराची एक किल्लीही होती.

"अलार्म ना?" त्या झोपेतच म्हणाल्या. "भिंतीतून येतोय रे केव्हाचा. चार वेळा वाजतो, थांबतो, परत वाजतो. मला वाटलं कुणाच्या गाडीचा. जाऊन बघू का?"

"नाही! आत पाय टाकू नका. विषारी गॅस आहे. वास येत नाही, दिसत नाही. तुमच्या खिडक्या उघडा आणि बाहेर रस्त्यावर या. किल्ली फायर ब्रिगेडच्या हातात द्या. मुलगा वरच्या मागच्या खोलीत आहे, एवढं सांगा."

रांगेतली घरं. मधली भिंत एकच. ब्रेंडाबाईंच्या घरातही तो गॅस झिरपला असेल, हे फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं आणि खिडक्या उघडायला सांगितल्या ते बरं झालं असं वाटलं.

टॅक्सीत त्याला एकेक गोष्ट उमगत गेली. त्या पिवळ्या पट्टीला आवाज नव्हता, कारण ती अलार्मच्या आधीची सूचना होती. असा अलार्म आकडा दिसला की लगेच कोकलत नाही. पन्नासच्या पातळीला तास-दीड तास थांबतो, शंभरला दहा ते चाळीस मिनिटं, तीनशेला तीन मिनिटांच्या आत. म्हणजे तो घरातून निघाल्यावर कधीतरी तो खरा वाजायला लागला असणार. अ‍ॅप होतं ते घरमालकाच्या फोनवर, आणि मालक झोपलेला. प्रथमेशच्या कानात बोळे. बोळे त्यानेच दिलेले. आणि रात्रभर बॉयलर चालू, तोही त्यानेच ठेवलेला.

गल्लीत निळे दिवे फिरत होते. ब्रेंडाबाई पायजम्यावर कोट घालून फुटपाथवर उभ्या होत्या. प्रथमेश रुग्णवाहिकेच्या पायरीशी, पांघरुणात गुंडाळलेला. जवानांना तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेला सापडला होता. उठून खाली यायला निघाला होता, पण पायांनी साथ दिली नाही.

रुग्णवाहिकेतल्या बाईंनी त्याच्या बोटाला चिमटा लावला होता. त्यावर आकडा होता ९८.

"म्हणजे ऑक्सिजन चांगला आहे ना?" संतोषने विचारलं. आश्रमात रोज तोच चिमटा लावायचा त्याला सराव होता.

"याच्यावर आज जायचं नाही," त्या मास्कचे पट्टे घट्ट करत म्हणाल्या. "रक्ताला चिकटलाय ऑक्सिजन की कार्बन मोनॉक्साइड, ते या चिमट्याला ओळखता येत नाही. दोन्ही त्याला सारखेच लाल. आणि हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. रक्त तपासल्याशिवाय खरं कळणार नाही. तुम्ही या घरात कधीपर्यंत होता?"

"साडेआठपर्यंत. दिवसभर झोपलो होतो."

"मग तुम्हीही चढा."

प्रथमेशच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड २३ टक्के निघाला. संतोषच्या ६. डॉक्टरांनी संतोषला सांगितलं की साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, तुम्ही मधले काही तास आश्रमात होता म्हणून सहावर आहात. घरून निघताना किती असेल त्याचा हिशेब तुम्हीच करा. मास्कमधून निव्वळ ऑक्सिजन दिला की तेच काम साधारण तास-दीड तासात होतं. प्रथमेशचा ईसीजी काढला, त्याला मागून पुढून आकडे म्हणायला लावले, एका रेषेत चालायला लावलं. चालताना तो दोनदा कलला.

दुपारी घरमालकाचा फोन आला. घाबरलेला होता. इंजिनिअरने बॉयलरचा गॅस तोडून त्याच्यावर Danger Do Not Use चं लेबल लावलं होतं. धूर बाहेर नेणारा पाइप कपाटातल्या जोडावर निसटला होता. बॉयलर जितका जास्त चालेल, तितका जास्त धूर घरातच. थंडीच्या लाटेत तो दिवसरात्र चालू होता.

"मी अ‍ॅपमधली यादी पाठवलीय," मालक म्हणाला. "विम्यासाठी लागेल. तुम्हीही बघून ठेवा."

संतोषने खुर्ची पलंगाजवळ ओढून यादी उघडली. आदल्या दिवसाची नोंद सापडली: 20:34, CO 64 ppm, Dismissed. ती सापडणार हे त्याला माहीत होतं. पण तिच्यावरही ओळी होत्या. सोमवारी सकाळी 31. मंगळवारी 38. बुधवारी दोनदा, 35 आणि 41. प्रत्येकापुढे तोच शब्द. अधूनमधून तेराशे, बाराशे, अकराशे. मधले हे लहान आकडे त्या मोठ्या आकड्यांत बेमालूम बसले होते. सोमवारची नोंद सकाळी पावणेसातची होती, आणि तेव्हा तो स्वतः आश्रमात होता.

त्याने फोन उलटा ठेवला. प्रथमेश मास्कच्या वरून त्याच्याकडे बघत होता.

"कसली यादी?"

"काही नाही. नंतर बघू."

"दादा."

संतोष म्हणाला, "काल निघताना स्क्रीनवर आलं होतं. मी वाचलं नाही, दाबून टाकलं. तू वर जाताना कठडा धरलास तेही पाहिलं होतं मी. तरी गेलो."

प्रथमेशने मास्क हनुवटीवर ओढला. "सोमवारी मीच दाबलं होतं. मंगळवारीपण. मी तर वाचलं होतं. म्हटलं, एकतीस म्हणजे काय, हजार असतं तेव्हा काही होत नाही."

"मला सांगायचं होतंस."

"तू झोपला होतास."

बाजूच्या पलंगाचं यंत्र पिंपिं करायला लागलं. संतोष ताडकन उठला, पडदा सारून पाहिलं, बाहेर जाऊन परिचारिकेला हाक मारली. ती आली, सलाइनची नळी सरळ केली, काही नाही म्हणाली आणि गेली. तो परत येऊन बसला. प्रथमेश अजून तसाच, मास्क हनुवटीवर.

"मास्क लाव आधी," संतोष म्हणाला, आणि पट्टा त्याच्या कानामागे स्वतःच नीट बसवला. मग फोन पुन्हा हातात घेऊन मालकाला लिहायला लागला: नव्या बॉयलरआधी त्या स्क्रीनवरच्या बाकीच्या सगळ्या सूचना बंद करा, आणि CO चा अलार्म आम्हा दोघांच्याही फोनवर जोडा.