चावी

सकाळी सात वाजता घड्याळाला चावी द्यायची, हा सुमनबाईंचा अठ्ठेचाळीस वर्षांचा नेम. अंघोळ, देवाला दिवा, मग खिडकीपाशी उभं राहून अंगठा नि तर्जनीत चावी धरून कर्र, कर्र. शेवटी बोटाला ती भरल्याचं कळायचं. मग घड्याळ डाव्या मनगटावर, आणि दिवस सुरू.

घड्याळ एचएमटी जनता. पुरुषी, पांढऱ्या तबकडीचं. १९७५ साली, महापालिकेच्या शाळेत लागल्यावर वर्षभर पैसे साठवून घेतलेलं. तेव्हा एचएमटीसाठी थांबावं लागायचं. दुकानदारानं बायकांचं इवलंसं घड्याळ पुढं केलं, तर बाई म्हणाल्या, "हे नको. फळ्यापाशी उभं राहून लांबनं दिसलं पाहिजे." २००९ला निवृत्त झाल्या. फळा सुटला, घड्याळ राहिलं.

त्या दिवशी मात्र काटे दोन वाजून वीस मिनिटांवर थांबलेले. बाहेर लख्ख उजाडलेलं. बाईंनी चावी फिरवून बघितली, ती तसूभरही हलेना. गच्च.

दिवाळीची सुट्टी लागल्यामुळे पुण्याहून नातू आला होता, सोहम, चौथीतला. आदल्या संध्याकाळी त्यानं घड्याळ हातात घेतल्याचं बाईंनी स्वयंपाकघरातून बघितलं होतं. आवाजही ऐकला होता.

"सोहम, काल किती पिळलीस चावी?"

"आठच वेळा, आज्जी. मोजून."

"आठ वेळा दिली असतीस तर असं झालं असतं का? खोटं बोलू नकोस."

पोरगं काही बोललं नाही. पोहे तसेच टाकून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलं. एकदा वर्गात कुणाला खोटारडं म्हटलं की ते पोर पुढं महिनाभर नजर देत नाही, हे बाईंनी चौतीस-पस्तीस वर्षं बघितलेलं. तरी त्या दिवशी शब्द तोंडातून गेलाच.

त्यांना घाई होती. चार दिवसांवर कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आला होता. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला मावळतीचं ऊन महाद्वारातून सरळ आत शिरतं, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात पोचतं. पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांशी, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. जानेवारीच्या शेवटी नि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा तसंच. ढग आले किंवा हवेत धूळ जास्त असली की किरणं वाटेतच विरतात. बाई निवृत्तीनंतर दर वर्षी जायच्या आणि किरणं कुठं कधी पोचली त्याची वेळ एका शंभर पानी वहीत लिहायच्या. वेळ याच घड्याळाची. भिंतीवरचं सेलचं घड्याळ गर्दीत नेता येत नाही, आणि मोबाइल त्या गर्दीत पिशवीतून काढत नसत.

दस्तगीरमामांचं दुकान मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीपासून जरा आत, एका जिन्याखाली. दुकान म्हणजे काचेचं टेबल, एक दिवा, आणि मागं खिळ्यांना टांगलेली घड्याळं. टेबलावर निम्म्याहून अधिक जागा आता सेल आणि पट्ट्यांनी खाल्लेली. मामांनी जुनं घड्याळ बघितलं आणि खुर्ची सरळ केली.

"या बाई. हे अजून चालतंय व्हय?"

"चालत होतं. या पोरानं जास्त चावी दिली नि अडकलं."

सोहम बाईंच्या मागं उभा होता. तो मान खाली घालून फरशी बघत राहिला.

मामांनी डोळ्याला भिंग लावलं, पातळ सुरीनं मागचं झाकण उचकटलं, आणि बराच वेळ नुसतं आत बघितलं. चिमट्यानं एका चाकाला हलकेच धक्का दिला. चाक अर्धवट वळलं नि थांबलं.

"किती चावी दिलीस रं बाळ?"

"आठ."

"मग बरोबर हाय की. आज्जीनं सकाळी भरलेली, दिवसभरात जेवढी उतरली तेवढी तू परत भरलीस. हिकडं ये, बघ."

त्यांनी सोहमला टेबलाच्या आतल्या बाजूला घेतलं नि भिंग त्याच्या हातात दिलं. चावीच्या चाकाला अडवून धरणारी एक बारकी कडी असते. ती चिमट्यानं दाबून त्यांनी चावी बोटात धरून हळूहळू उलटी सोडली. स्प्रिंगचा ताण सुटत गेला.

"ह्यात ताकद गच्च भरलेली हाय बाई. चावी भरली की ती तिथंच थांबती. तिच्यावर दात-ओठ खाऊन जोर केला तरच काय तरी मोडतं. हितं काय मोडलेलं न्हाई. तेल वाळून डिंक झालाय. ताकद हाय, पर चाकापातूर पोचत न्हाई." मग त्यांनी भिंगाशिवायच बाईंकडं बघितलं. "मागं पडत हुतं का न्हाई?"

बाई गप्प झाल्या. रस्त्यावरून दुधाचे कॅन लटकवलेली एक गाडी गेली. तिचा आवाज संपेपर्यंत त्या बोलल्या नाहीत.

"पडत होतं."

"किती?"

"आधी दोन-चार मिनिटं. पावसाळ्यापासून दहा-बारा."

"मग तवाच आणायचं की."

तेव्हाच आणायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. रोज रेडिओच्या वेळेशी मिळवून काटे गुपचूप पुढं सारताना कळत होतं. पण एचएमटीचं घड्याळाचं काम २०१६ साली बंद करायचं ठरलं, ती बातमी त्यांनी कापून ठेवलेली. दुकानात नेलं नि समोरचा म्हणाला, 'आता ह्याचं काय होत नाही, नवीन घ्या', तर? ते ऐकायला लागू नये म्हणून त्या काटे सारत राहिल्या. आणि घड्याळ बंद पडल्यावर दोष द्यायला नऊ वर्षांचं पोर घरातच होतं.

"होईल ना, मामा?"

"न हुयाला काय झालं? चार दिस द्या. रवा-तूप न्हवं, भाजलं नि झालं म्हणायला."

बाईंनी किरणोत्सवाचं सांगितलं. मामांनी बोटांवर मोजून मान हलवली. "नऊला दुपारी या."

सोहमनं मामांना विचारलं, मी बघायला येऊ का? त्यानं आज्जीला नाही विचारलं. बाईंनी ते बरोबर टिपलं.

दुसऱ्या दिवशी दोघं गेले तेव्हा घड्याळाचं घड्याळपण उरलं नव्हतं. झाकणाच्या काचेखाली, एका खणांच्या डबीत, चाकं, पट्ट्या, मोहरीपेक्षा बारीक स्क्रू. मामा एकेक चाक पेट्रोलच्या वाटीत बुडवायचे, ब्रशनं घासायचे, रबरी फुंकणीनं वारा मारायचे. बॅलन्सचं चाक त्यांनी सगळ्यात शेवटी, श्वास धरून उचललं. त्याला केसाएवढी स्प्रिंग गुंडाळलेली.

"ह्याला धक्का लागला की गेलं. हे हिकडून तिकडं, तिकडून हिकडं हलतंय. एका सेकंदाला पाच ठोके. टिकटिक ऐकतोस न्हवं, ती ह्याची."

बाईंच्यातल्या मास्तरणीला राहवेना. "तर मग तासाला किती ठोके, सोहम?"

पोरानं आज्जीकडं बघितलं नाही, पण ओठ हलायला लागले. "अठरा हजार."

"आणि दिवसाला?"

याला वेळ लागला. मामांनी हातातला ब्रश थांबवला. "चार लाख बत्तीस हजार."

"आयला," मामा म्हणाले, "एवढं हुतंय व्हय? बत्तीस वर्सं हे काम करतोय, कधी मोजलं न्हाई."

मेन स्प्रिंग थकली होती. मामांनी खालचा पत्र्याचा डबा काढला. २०१९च्या पुरात शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला पाणी घुसलं तेव्हा चिखलानं भरलेली घड्याळं त्यांच्याकडं आली होती. बरीच सुधारली. काही मालकांनी 'असू दे मामा, तुम्हालाच ठेवा' म्हटलं. ती या डब्यात होती. त्यातल्याच एका जनताच्या डबीत बंद राहिलेली स्प्रिंग गंजलेली नव्हती. ती त्यांनी धुतली, पुसली आणि बाईंच्या घड्याळात बसवली. कुणाची असेल, बाईंनी विचारलं. मामांना आठवेना.

तेल घालणं बाईंनी नीट बघितलं. बाटलीतनं ओतायचं नसतं. सुईच्या टोकाला जेवढं चिकटेल तेवढंच, एकेका खड्याला. सतरा ज्वेल, म्हणजे सतरा लालसर खडे, त्यांतल्या बहुतेकांत चाकांची टोकं फिरतात. सगळ्यांना तेल लागतही नाही. "जादा तेल घातलं की तेच डिंक हुतंय," मामा म्हणाले.

मग बॅलन्स बसवला. मामांनी चावीचे दोन वेढे दिले, आणि हात बाजूला घेतला. चाक एकदम थरथरून झुलायला लागलं. सोहमनं भिंगातून बघितलं, तो उठेचना. बाईंना नुसत्या डोळ्यांनी एक चकाकी दिसत होती, हिकडून तिकडं. अंगणात सांडलेलं पाणी उन्हात हलावं, तशी.

दोन दिवस मामांनी ते तपासायला ठेवलं. तबकडी वर करून, खाली करून, उभं टांगून. आडवं ठेवलं की बरोबर आणि हातात घातलं की मागं, असं होता कामा नये म्हणून. नऊ तारखेला त्यांनी ते फडक्यावर ठेवून पुढं केलं. मजुरी ऐकून बाईंनी पन्नासाची नोट जास्त ठेवली, मामांनी ती परत सरकवली.

"ह्या पोराकडनं चावी द्या रोज. हात हलका हाय."

दुकानातून निघून तिकटीपर्यंत दोघं गप्प होते. तिथं उसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. थांबावं लागलं. बाई म्हणाल्या, "सोहम, तू खरं बोलला होतास. मी तुला खोटं ठरवलं. माझं चुकलं."

तो घड्याळाकडं बघत होता. "तुला माहीत होतं मागं पडतंय ते?"

"माहीत होतं."

"मग मला का ओरडलीस?"

ट्रॅक्टर पुढं सरकला. बाईंना द्यायला उत्तर होतं, पण ते नऊ वर्षांच्या पोराला सांगण्याजोगं सोपं नव्हतं. "मला भीती वाटत होती," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानं मान हलवली आणि रस्ता ओलांडताना त्यांचा हात धरला. घड्याळाचा हात.

संध्याकाळी देवळातून आल्यावर बाईंनी वही काढली. आजची वेळ सोहमनं सांगितली, त्यांनी लिहिली. मग त्यांनी पानं मागं उलटली. कपाटातून लाल पेन आणलं. त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या तीन नोंदी. त्यांच्यापुढं समासात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'घड्याळ मागे होते', आणि खाली पेपर तपासल्यासारखी सही केली, तारखेसह.

सोहम खांद्यावरून बघत होता. "किती मिनिटं मागं होतं तेव्हा?"

"ते मी तेव्हा लिहून ठेवलं नाही," बाई म्हणाल्या, आणि लाल पेनाला टोपण लावलं.